घाट वाचायचा तर खालच्या पायरीपासून

आमच्यातला एक दोस्त परवा भांडून गेला. म्हणाला, ‘तू गिरणीत राबतोस, कविता करतोस, आणि सुट्टीच्या दिवशी रामकुंडावर जाऊन पायऱ्या मोजत बसतोस. पिंडं मोजतोस का भटांच्या गाद्या? आपला काय संबंध त्या घाटाशी? बुडू दे की.’ त्याला तिथंच उत्तर द्यायचं होतं, पण आमचा दोस्त बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. म्हणून इथं लिहितो. वाचेल तरी.

मला दगड वाचायला गिरणीनं शिकवलं. आमच्या रिंगखात्यात दोन साच्यांच्या मधे जी गल्ली असते तिथली फरशी जाऊन बघा. मधोमध घासून गुळगुळीत झालेली असते. कडेला खडबडीत. बाई किंवा गडी दिवसभर त्या गल्लीत येरझारा घालतो, तुटलेला धागा सांधतो, भरलेली बॉबिनं काढतो. जिथं धागा जास्त तुटतो तिथं तो जास्त थांबतो, आणि तिथं फरशीला पायाचा खळगा पडतो. साहेबाच्या रजिस्टरात आमचं नाव असतं नसतं, फरशीत असतंच. कोण कुठं किती वर्षं उभा राहिला हे दगड सांगतो. हाच नियम मी गोदावरीच्या घाटावर लावला. एवढंच माझं शिक्षण.

मधे एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते शिकलेले, बोलणं गोड. त्यांनी एक शब्द वापरला, ‘सांस्कृतिक भूदृश्य’. म्हंजे नुसतं देऊळ नाही, नुसती नदी नाही, तर माणसांनी पिढ्यान् पिढ्या वापरून, पुजून, धुऊन, तुडवून घडवलेली अख्खी जागा. १९९२ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत असल्या जागांना वेगळा मान आहे. शब्द मला पटला. पण मग त्यांनी चित्रं दाखवली. पहाटेचा घाट, दिव्यांची आरती, कळसामागं सूर्य. एकाही चित्रात झाडू घेतलेला माणूस नाही. कपडे आपटणारी बाई नाही. वापरून घडवलेली जागा म्हणता, आणि वापरणारा माणूस चौकटीबाहेर? मी हात वर केला होता. वेळ संपली होती.

तेव्हा आपणच वाचू या. नाशिकचंच घेतो, कारण ते पायाखालचं आहे.

गोदावरी त्र्यंबककडून येते, पूर्वेला वाहते, आणि रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. हे वळण ध्यानात ठेवा, त्यावर सगळा बाजार उभा आहे. दक्षिण ही यमाची दिशा. म्हणून इथं पिंडदान, म्हणून इथं अस्थी, म्हणून वरच्या अंगाला कपालेश्वर. त्यात इथं अरुणा नावाची लहान नदी मिळते, म्हणून संगमाचं पुण्य वेगळं. ती अरुणा आता कुठाय? शहराखालून झाकून वाहते. पुण्य उघड्यावर, नदी गटारात.

आता पाण्यातल्या कुंडांकडे बघा. वाहत्या नदीत दगडी टाकी बांधायची काय गरज, असं मला पोरवयात वाटायचं. गरज होती. आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात फुगतात आणि चैत्र-वैशाखात काळ्या खडकावरून वीतभर धार उरते. त्या धारेला अडवून, झऱ्याला कोंडून, उन्हाळ्यातही बुडी मारण्याइतकं पाणी ठेवायचं म्हंजे कुंड. रामकुंड १६९६ साली साताऱ्याकडच्या एका जमीनदारानं बांधलं, पुढं पेशव्यांच्या गोपिकाबाईनं ते दुरुस्त केलं. लांबी सत्तावीस मीटर, रुंदी बारा मीटर. आमच्या खात्यातला एक लांब साचा आडवा टाकला तर कसाबसा बसेल. एवढ्या डबक्यासाठी लाखो लोक येतात.

आणि पायऱ्या कशासाठी? शोभेसाठी नाहीत. पाणी रोज वेगळ्या उंचीवर असतं. श्रावणात तुम्ही वरच्या पायरीवर वाकून तांब्या भरता, वैशाखात वीस पायऱ्या उतरता. घाट म्हंजे माणसाला पाण्यापर्यंत पोचवणारा जिना, वर्षाच्या प्रत्येक दिवशी. ज्यानं पहिल्यांदा ही युक्ती काढली तो पाथरवट होता. त्याचं नाव कुठल्याही शिळेवर नाही. पैसे देणाऱ्याचं आहे.

पायऱ्यांवरची देवळंही नदीच्या मापानं बसलेली. दुतोंड्या मारुती नदीपात्रातच उभा. नाशिकचा माणूस पूर सेंटिमीटरात सांगत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात मारुती बुडाला तेव्हा काठावरच्या टपरीवाल्यांना कुठल्या खात्याचं पत्रक वाचावं लागलं नाही. त्याच्या वर १७४७ चं नारोशंकराचं देऊळ, त्याची घंटा. पाणी घंटेला लागलं की महापूर. ती घंटा मुळात पोर्तुगीजांची, वसईच्या लढाईनंतर आणलेली, असं सांगतात. देव हा इथं मोजपट्टी आहे, आणि ही मोजपट्टी मला कामाची वाटते. आमचा दोस्त म्हणेल, मारुतीला मान दिलास. नाही. मोजपट्टीला दिला.

इथवर घाट म्हंजे माणसाच्या अकलेचं काम. आता पुढं वाचा.

तुमच्या गावच्या नदीवर पाणवठे कसे होते आठवा. आठवत नसेल तर आजीला विचारा. वरच्या अंगाला पाटलाचा, बामणाचा. मधे कुणब्या-माळ्यांचा. त्याखाली जनावरं. आणि सगळ्यात खाली आपली बाई, वरून सगळ्यांचं धुऊन आलेल्या पाण्यात घागर बुडवायला. पाणी वरून खाली वाहतं आणि जातही वरून खाली वाहते, यात कुणाला नवल वाटत नव्हतं. नदीनं विटाळ मानला नाही. तो काठानं मानला. म्हणून कुठलाही घाट वाचताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, प्रवाह कुठून कुठं जातो आणि त्या प्रवाहावर कोण कुठं उभं आहे?

रामकुंडापासून प्रवाहाबरोबर खाली चालत जा. वर मंत्र, संकल्प, पंचे नेसलेले यजमान, छत्र्यांखाली वह्या घेऊन बसलेले उपाध्ये. त्यांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. तुमच्या पणजोबाचं नाव सांगितलं की वही उघडून खापरपणजोबाचं सांगतात. माझ्या पणजोबाचं नाव मी एकाला सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि वही मिटली. रागानं नाही हो, सहज मिटली. त्या वहीत आमची पिढी येण्याची सोयच नव्हती.

आणखी कुंडं आहेत. लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुष्यकुंड. एका डबक्याला धनुष्याचं नाव आहे, पण त्यात धुणं धुणाऱ्या बाईचं नाव एकालाही नाही. नाव देणं म्हंजे सातबारा चढवणं. गांधी तलाव आहे, कारण गांधींच्या अस्थी १९४८ साली इथं सोडल्या. त्याच्या खाली, पुलाच्या बाजूला, धुण्याचे दगड लागतात. आता हात लावून बघा. पायरी मधोमध खळग्यासारखी झिजली असेल तर तिथं पाय पडले. कड तिरकी आणि काचेसारखी गुळगुळीत असेल तर तिथं कपडे आपटले. दगडावर शेंदराची जाड साल असेल तर तिथं हात जोडले. आणि दगडच नसेल, सिमेंटचं थापटणं असेल, तर तिथं टेंडर निघालं. मी एक रविवार या चारांची नोंद करत खालपर्यंत गेलो. शेंदराचे दगड बोटांवर मोजण्याइतके. पायाचे आणि धुण्याचे मोजता मोजता वहीचं पान संपलं. पूजेनं घाट सजवला असेल. घासला तो रोजच्या कामानं.

बुधवारी या म्हंजे आणखी कळेल. बुधवारचा बाजार इथं नदीकाठी, पटांगणात भरतो. भाजी, मसाले, जुनी भांडी, कपडे. नाशिकची म्हातारी माणसं ‘गंगेवर चाललो’ म्हणतात तेव्हा अर्ध्या वेळा ती देवाला नाही, मेथीची जुडी आणायला चाललेली असतात. ज्या पायरीवर सकाळी पिंड पडतं त्याच पायरीवर दुपारी एखादी बाई कोथिंबिरीवर पाणी मारते. हे त्या व्याख्यानातल्या चित्रांत नव्हतं.

अस्थींचं बोललंच पाहिजे. रामकुंडात अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा आहे. त्या जागेला नावच अस्थिविलय. मी रसायन शिकलेलो नाही, पण जळलेलं हाड म्हंजे चुन्याच्या जातीचा पदार्थ, तो साध्या पाण्यात साखरेसारखा विरघळत नाही, एवढं समजून घेतलंय. जळलेलं हाड ठिसूळ होतं. पाण्यात, पायाखाली, दगडांत घासून त्याचा चुरा होतो. वाहतं पाणी असेल तर तो पुढं जातो. पाणी साचलेलं असेल तर तळाशी बसतो, राखेबरोबर, पिठाबरोबर, फुलांबरोबर, आणि त्याचा गाळ होतो. आता मला सांगा, हा गाळ कोण काढतो? मंत्र म्हणणारा? यजमान? गुडघाभर पाण्यात उतरून जो फावड्यानं घमेलं भरतो त्याच्या वस्तीचा पत्ता विचारा. मी विचारला. त्यानं उलट मला माझा विचारला. दोघंही हसलो.

म्हंजे चमत्कार घडतो, पण तो पाणी घडवत नाही. सफाई कामगार घडवतो. अस्थी विरघळल्यासारख्या दिसाव्यात म्हणून कुणीतरी रोज त्या उचलून नेतो. आणि सिंहस्थाच्या पर्वणीनंतरचा घाट ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. साधू आखाड्यात परत, यात्रेकरू गाडीत, आणि पायऱ्यांवर चपला, धोतरं, प्लास्टिक, निर्माल्य. २००३, २०१५, दर बारा वर्षांनी तेच. पर्वणीचा इतिहास आखाड्यांच्या मानापानाचा लिहितात. कोण आधी बुडी मारणार यावरून भांडणं झाली हे लिहितात. शेवटी कोण पाण्यात उतरतो, हे कुणी लिहीत नाही.

आता दोस्ता, तुझ्या प्रश्नाकडे येतो. आपला काय संबंध?

२ मार्च १९३०. काळाराम मंदिर सत्याग्रहाचा पहिला दिवस. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जवळपास मैलभर लांब मिरवणूक निघाली. हजारो माणसं, बाया, लाइनीनं, शांत. देवळाचे दरवाजे बंद. मग ती मिरवणूक कुठं गेली? घरी नाही गेली. गोदावरीच्या घाटावर आली, आणि तिथं तिची सभा झाली. रात्री पुढाऱ्यांनी ठरवलं की दारांवर सत्याग्रह करायचा, आणि दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया जाऊन दारांशी बसल्या. पुढं ९ एप्रिलला रामाच्या रथावरून मारहाण झाली, दगड पडले. सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षं चालवला, आणि १९३४ च्या मार्चात बाबासाहेबांनीच दादासाहेबांना पत्र लिहून तो थांबवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी येवला. १३ ऑक्टोबर १९३५. हे तुला पाठ आहे. पाठ नाही ती एकच गोष्ट. त्या पहिल्या संध्याकाळी आपली माणसं या पायऱ्यांवर बसली होती.

माझ्या आजीची आई त्यांत होती. पोरसवदा होती. आजी तिच्या तोंडचं सांगायची, ‘देऊळ बंद व्हतं, पर पायऱ्या कोन बंद करनार? आमी बसलो गंगंवर. फडक्यातली भाकर सोडली. इतकी मानसं, पन कुनी पानी उष्टावलं नाय.’ हे शेवटचं वाक्य मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. हजारो तहानलेली माणसं नदीच्या काठावर, आणि जपून. शिस्त म्हणून का भीती म्हणून, आजीलाही ठाऊक नव्हतं. तिची आई त्यावर बोलायची नाही.

देऊळ हे दाराचं असतं, दार बंद करता येतं. घाट बंद करता येत नाही. हजारभर फूट लांबीच्या पायरीला कडी कुठून लावणार? म्हणून त्या दिवशी ज्यांना दार बंद झालं त्यांची सभा पायरीवर झाली. घाटाच्या रचनेतच ती फट आहे. ती ओळखणारी आपली माणसं अडाणी नव्हती. मी घाटावरच्या माहितीच्या पाट्या वाचत खालपासून वरपर्यंत गेलो. कुणी कुठलं कुंड बांधलं, कुठल्या सरदारानं कुठला सभामंडप दिला, सगळं वाचलं. त्या सभेचा शब्द माझ्या नजरेला कुठं पडला नाही. ‘बुडू दे की’ म्हणतोस तेव्हा दोस्ता, तू नेमकं काय बुडवतोस?

भांडण इथंच संपत नाही, कारण घाट आता खरोखर बदलतोय. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमाराला गर्दीला उभं राहायला सोयीचं व्हावं म्हणून नदीच्या तळात काँक्रीट ओतलं. सतरा जुनी कुंडं त्याखाली गेली असं म्हणत काही नागरिक हायकोर्टात गेले. काँक्रीट काढायचं ठरलं, काही काढलं, त्यावरून वाद झाले. काँक्रीटनं काय होतं ते सोपं आहे. खडकातल्या भेगांतून जे झरे कुंडात यायचे त्यांची तोंडं बुजतात. मग कुंडाला स्वतःचं पाणी उरत नाही, ते वरून सोडलेल्या पाण्यावर जगतं. वर गंगापूर धरण आहे, १९६५ साली पुरं झालेलं. म्हंजे पर्वणीची गोदावरी आता झडपेतून येते. आणि २०१६ च्या एप्रिलात दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं तेव्हा त्यात टँकरनं पाणी ओतलं. मराठवाड्यात माणसं हंडे घेऊन उभी होती त्याच उन्हाळ्यात. त्या टँकरचं पाणी ‘तीर्थ’ होतं की नाही हा प्रश्न मी विचारणार नाही. मी विचारतो, तो टँकर कुणाच्या वस्तीकडे जायचा होता?

काँक्रीट काढा म्हणणारे बहुतेक लोक भाविक आहेत. त्यांना रामाची कुंडं परत हवीत. आमच्या दोस्तासारखे कैक म्हणतील, त्यांची मागणी ती आपली कशी? मी म्हणतो, या एका मागणीत आपण त्यांच्याबरोबर उभं राहावं, आणि आपलं कारण मोठ्यानं सांगावं. त्या काँक्रीटखाली झरे आहेत, ते राम येण्याआधीही होते. त्याखाली झिजलेले दगड आहेत. धुण्याची कड, पायाचा खळगा. आपली बाई कुठं उभी होती याचा पुरावा कागदावर कुणी ठेवला नाही, तो दगडावर राहिलाय. त्यावर एक थर सिमेंट आलं की तोही गेला.

पण सावध. काँक्रीट काढलं म्हंजे झालं, असं नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी घाट नवे करायची कामं निघाली. नवं करणं दोन तऱ्हेचं असतं. एकात जुना दगड धुऊन, तुटला असेल तिथं चुन्यानं सांधून, त्याच जागी बसवतात. दुसऱ्यात जुना दगड उखडून ट्रकमधे घालतात आणि यंत्रानं कापलेली एकसारखी लादी बसवतात. दुसरं दिसायला झकास. फोटो छान येतो. पण त्या लादीवर कुणीच कधी उभं राहिलेलं नसतं. तो घाट वारसा नसतो, बांधकाम असतं. ओळखायचं कसं? पायरीची कड बघा. जुन्या दगडावर टाकीचे घाव असतात, हातानं मारलेले, वेडेवाकडे. यंत्राच्या लादीला कड सुरीसारखी सरळ. पावसात त्यावर शेवाळ धरलं की म्हातारी माणसं घसरतात, हा वरचा नफा. आणि लादीबरोबर बाजारवालीला, धुणेवालीला उठवायची नोटीसही येते, ‘सौंदर्यासाठी’ म्हणून. देव जागेवर राहतो, बाई उठते.

म्हणून मी पायऱ्या मोजतो. कुठली झिजलेली आहे, कुठली नवी आहे, कुठं धुणं होतं, कुठं बाजार बसतो, गाळ कुठून काढतात, कुणी काढतो, हे सगळं कागदावर उतरवतोय. चौकोन आखून, दहा दहा पावलांचा एक. उद्या ट्रक आला तर दाखवायला काही तरी असावं. ही नोंद एकट्याची नको, माझ्या अक्षरावर माझाच भरवसा नाही. ज्यांच्या आज्या जिवंत आहेत त्यांनी घरी विचारून घ्या, तुमच्याकडचं कोण त्या दिवशी गंगेवर बसलं होतं, आणि जमलं तर कुठल्या अंगाला.

येत्या बुधवारी मी जातोय. दुसऱ्या पाळीला कामावर हजर व्हायचंय, म्हणून सकाळी सातला दुतोंड्या मारुतीपाशी. टेप माझ्याकडे आहे. भांडून गेलेल्या दोस्तालाही हा निरोप द्या.